विखुरलेल्या नातेवाइकांकडून जुने फोटो मागवताना: पत्र कसे लिहावे, नावे आणि साल कसे मिळवावे

कोकणातल्या घराचे फोटो घरात नसतात. ते गिरगावातल्या खोलीत, डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये, पुण्यात, बडोद्यात असतात. मुंबईला नोकरीला गेलेल्याने पहिल्या पगारातून स्टुडिओत काढलेला फोटो गावी पाठवला, गणपतीला आलेल्या कोणाच्या तरी कॅमेऱ्याने सगळ्यांना ओटीवर बसवून टिपले आणि प्रती वाटल्या. गावच्या प्रती पावसाने खाल्ल्या, मुंबईच्या राहिल्या. त्या प्रती आणि त्यांच्यातली नावे परत एकत्र आणायची तर नातवंडाने पत्र लिहावे. ग्रुपवर 'जुने फोटो असतील तर टाका रे सगळ्यांनी' असे लिहिले की चार अंगठे आणि दोन नमस्कार येतात, फोटो येत नाही. ज्या आजीला नावे ठाऊक आहेत ती ग्रुपवर नसते, हेही आहेच.

देवगड तालुक्यातल्या आमच्या घरासाठी मी हे काम ज्या रीतीने केले, ती इथे क्रमाने सांगते.

आधी घरातले फोटो पाहा

पत्राला बसण्यापूर्वी गावच्या घरातली ट्रंक, माजघरातल्या भिंती आणि देवघराजवळचे कपाट पाहून घ्या. आपल्याकडे काय आहे ते कळल्याशिवाय काय मागायचे ते ठरत नाही. प्रत्येक फोटोला एक क्रमांक द्या आणि वहीत एक ओळ लिहा: कुठे सापडला, किती माणसे, मागे काय लिहिले आहे.

भिंतीवरच्या तसबिरींबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. हार घातलेला, एकट्या माणसाचा, थोडा रंगवलेला मोठा फोटो बहुतेक वेळा माणूस गेल्यावर जुन्या ग्रुप फोटोतून चेहरा घेऊन मोठा करवलेला असतो. चौकटीवरची तारीख मृत्यूची असते, फोटोची नव्हे. ज्या ग्रुप फोटोतून तो घेतला, तो कोणाच्या तरी अल्बममध्ये असू शकतो, आणि पत्रात नेमका तोच मागता येतो.

कोकणच्या दमट हवेत तसबिरीतला फोटो काचेला चिकटलेला असतो. फोटोवरचा जिलेटिनचा थर ओल शोषून फुगतो आणि काचेला धरतो. तो सोडवायला जाऊ नका, चेहराच काचेवर राहतो. काचेसकट मोबाइलने फोटो काढा: दिवा बंद, फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड बाजूने, आणि मोबाइलच्या मागे कोणीतरी काळे कापड धरून उभे राहायचे, म्हणजे काचेत तुमचे प्रतिबिंब पडत नाही. बुरशी धरलेला फोटो ओल्या फडक्याने पुसू नका. सावलीत, पंख्याखाली, कागदावर उताणा ठेवून सुकू द्या आणि मग मऊ ब्रशने हलकेच झटका.

पत्र केव्हा पाठवायचे

सगळे गणपतीला येतात म्हणून गणपतीची वाट बघण्याचा मोह होतो. पण भाद्रपदात हवा ओली असते, घरात पाहुण्यांची गर्दी असते आणि एसटीच्या किंवा रेल्वेच्या प्रवासात पिशव्या भिजतात. मूळ फोटो हलवण्याचा तो काळ नव्हे. पत्र दिवाळी झाली की कार्तिकात पाठवावे. थंडीत लोक निवांत असतात, उत्तरे पौष-माघापर्यंत येतात, आणि शिमग्याला पालखीसाठी चाकरमानी गावी येतात तेव्हा हवा कोरडी असते. अल्बम आणायला सांगायचे ते शिमग्याला. गणपतीचा उपयोग वेगळा: तोवर जमलेल्या फोटोंच्या प्रती ओटीवर मांडायच्या आणि राहिलेली नावे म्हाताऱ्या माणसांना विचारायची.

पत्रात काय असावे

प्रत्येकाला वेगळे पत्र लिहा, हाताने. दहा-बारा घरे असली तर त्यात तीन-चार संध्याकाळी जातात, पण उत्तर येते. प्रत्येक पत्रात चार गोष्टी हव्यात.

पहिली, तुम्ही कोण. मधल्या पिढीला तुमचे नाव माहीत असते, वरच्या पिढीला तुम्ही 'कोणाची कोण' हे सांगावे लागते.

दुसरी, हे पत्र कशासाठी नाही. आपल्याकडे घर आणि कलमे सामाईक असतात, सातबाऱ्यावर पाच-सात नावे असतात, आणि वारसनोंदीच्या वेळी वंशावळ मागतात. त्यामुळे कोणी नावे, जन्मसाल, कोण कोणाचा मुलगा असे विचारायला लागले की भाऊबंदांच्या मनात पहिली शंका जमिनीची येते. ही शंका तोंडावर कोणी बोलत नाही, उत्तर मात्र येत नाही. म्हणून पत्रातच स्वच्छ लिहा. हयात माणसांच्या जन्मतारखा मागूच नका, त्यांची गरज नाही.

तिसरी, एकच नेमकी मागणी. 'जुने फोटो' मागितले तर समोरच्याला कपाट उपसावे लागते, आणि तो ते पुढच्या रविवारवर टाकतो. 'तुमच्या खोलीत आरशाच्या वर लावलेला आजोबांचा कोटातला फोटो' असे लिहिले तर तो त्याच दिवशी खाली उतरतो.

चौथी, मूळ फोटो तुमच्याकडेच राहील हे वचन. पोस्टाने मूळ फोटो मागवू नका. एकुलत्या एक प्रतीसाठी तो धोका घेण्यासारखा नाही, आणि देणाऱ्याचा जीवही तुटतो.

पत्राबरोबर एका फोटोची साध्या कागदावर काढलेली मोठी छापील प्रत जोडा, माणसांवर क्रमांक घालून. आठवण अशी रिकाम्या हाताने येत नाही, समोर चेहरा दिसला की येते. यासाठी अंतर्देशीय पत्र चालणार नाही, त्यात काही घालायला परवानगी नसते. लिफाफा घ्या आणि आत आपला पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला दुसरा लिफाफा ठेवा. म्हाताऱ्या माणसाला पोस्टात जायला लागू नये, घरातल्या कोणीही तो पेटीत टाकावा.

आजोबांच्या धाकट्या बहिणीला, डोंबिवलीच्या बायआजीला, मी लिहिलेले पत्र असे होते:

॥ श्री ॥

ती. बायआजीस साष्टांग नमस्कार.

मी भाईची धाकटी लेक. इकडे सगळे बरे आहेत, तुझ्या गुडघ्याचे आता कसे आहे?

घरातले जुने फोटो आणि त्यांतल्या माणसांची नावे मी एका वहीत जमवते आहे. घर, जमीन, कागदपत्र यांच्याशी याचा काही संबंध नाही. वही पुरी झाली की तिची एक प्रत तुझ्याकडे आणि प्रत्येक घरी येईल.

सोबत ओटीवरच्या फोटोची प्रत आहे. माणसांवर १ ते ९ आकडे घातले आहेत. ३ नंबर आजी आणि तिच्या मांडीवर ४ नंबर मोठी आत्या, एवढे आम्हाला कळते. ७ नंबरची परकर-पोलक्यातली मुलगी तू आहेस का? बाकीची कोण? आठवेल तेवढेच सांग. खात्री नसेल तिथे 'बहुतेक' असे लिही, तेही मला हवेच आहे. हा फोटो तुझ्या लग्नाआधीचा की नंतरचा, तेही सांग.

आणखी एकच मागणे. तुझ्या लग्नातला, मांडवात सगळे बसलेले आहेत तो फोटो तुझ्याकडे आहे असे आजी म्हणते. तो पोस्टाने पाठवू नकोस. शिमग्याला येशील तेव्हा आण, मी तुझ्यासमोर त्याचा फोटो काढीन आणि तिथेच परत देईन. येणे जमले नाही तर मीच तुझ्याकडे येईन.

लिहायचा कंटाळा आला तर नातवाला सांग आणि त्याच्याकडून लिहून घे. आठ दिवसांनी मी संध्याकाळी फोन करते.

लोभ असावा.

तुझी नात

वडीलधाऱ्यांना ज्या शब्दांनी घरात हाक मारता त्याच शब्दांनी लिहा. बायआजीला मी 'तू' म्हणते, म्हणून पत्रातही 'तू', तिच्या दिरांना मात्र 'आपण'. विधवा बाईंच्या नावामागे 'गं. भा.' लिहिण्याची जुनी पद्धत आहे. मी ती वापरत नाही. 'ती.' सर्वांना पुरते आणि वाचणारीला ते बरे वाटते.

नावांची चिठ्ठी

पत्रामागे वेगळी चिठ्ठी जोडा, कारण पत्रातल्या प्रश्नांची उत्तरे गप्पांमध्ये हरवतात. चिठ्ठीवर प्रत्येक आकड्यापुढे घरातले नाव, पूर्ण नाव, बाईमाणसाचे माहेरचे आणि सासरचे नाव, आणि 'कोणाचे कोण' यांसाठी जागा सोडा. खाली तीन ओळी: फोटो कधीचा आणि कशावरून, कोणी सांगितले, मूळ फोटो कोणाकडे आहे.

इतके का विचारायचे, तर आपल्या घरांत नावे फसवी असतात. प्रत्येक घरात एक भाऊ, एक आप्पा, एक तात्या आणि एक माई असतेच. शिवाय आजोबांचे नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे पूर्ण नावही दोन पिढ्यांनी परत येते. आणि लग्नात नाव बदललेली बाई माहेरच्या फोटोत एका नावाने, सासरच्या फोटोत दुसऱ्या नावाने ओळखली जाते. दोन नावांची ती एकच बाई आहे हे आज सांगणारी माणसे घराघरांत एखाद-दुसरीच उरली आहेत. 'कोणाचे कोण' या रकान्यात हा गुंता सुटतो.

'डावीकडून पहिला' असे कधीच लिहू नका, लिहून घेऊ नका. बघणाऱ्याच्या डावीकडून की बसलेल्याच्या, हे दहा वर्षांनी कोणाला कळत नाही. आकडे छापील प्रतीवरच घाला, मूळ फोटोवर काहीही नको.

मूळ फोटोच्या मागे लिहायचेच असेल तर कडेला, मऊ शिसपेन्सिलीने, न दाबता, फक्त क्रमांक लिहा. बॉलपेनाचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो. मागचा कागद प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत असेल तर त्यावर पेन्सिल धरत नाही, मग फोटो कागदी पाकिटात घाला आणि क्रमांक पाकिटावर लिहा. सेलोटेप, स्टेपलर आणि लॅमिनेशन तिन्ही टाळा. लॅमिनेशन केलेला फोटो पुन्हा बाहेर काढता येत नाही.

समोरच्याने फोटो कसा काढावा

पुढच्या पिढीतला कोणी मोबाइलवर फोटो काढून पाठवणार असेल तर चिठ्ठीवर त्याच्यासाठी चार ओळी लिहा. फोटो टेबलावर सपाट ठेव, खिडकीजवळ, ऊन थेट पडू न देता. मोबाइल वरून सरळ, फोटोच्या चारही कडा दिसतील असा धर. फ्लॅश नको. फोटोची मागची बाजूही काढ, कोरी असली तरी. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर तो लहान होऊन येतो आणि मागच्या रांगेतले चेहरे ओळखू येत नाहीत.

स्कॅनर मिळत असेल तर लहान फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. जुन्या साध्या कॅमेऱ्यातले कितीतरी फोटो ६ × ९ सेंटिमीटरचे असतात. ६०० वर त्याचे साधारण १४०० × २१०० पिक्सेल होतात, आणि तो दुप्पट मोठा करून छापला तरी चांगला उतरतो. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. पान तसेच्या तसे टिपा.

फाइलला नाव देताना साल आधी, मग प्रसंग, जागा, फोटो कोणाकडून आला आणि क्रमांक. साल पक्के नसेल तर दशक लिहा. मागच्या बाजूला तेच नाव, शेवटी `mage`.

```
1959-09_ganpati_oti_baiaji_01.jpg
1959-09_ganpati_oti_baiaji_01_mage.jpg
195x_studio_girgaon_kaka_02.jpg
```

मोबाइल फाइलला स्वतःहून जी तारीख लावतो ती आजची असते, तिच्याकडे पाहून फोटो लावू नका.

साल कसे ठरते: ओटीवरचा फोटो

'हा फोटो कधीचा?' असे विचारले तर 'फार जुना' हे उत्तर येते. म्हणून आधीचा-नंतरचा असे विचारावे: कोणाच्या लग्नाआधी, कोण जन्मल्यावर, घरावर कौले घालण्याआधी की नंतर. ओटीवरच्या त्या नऊ जणांच्या फोटोचे साल असेच मिळाले.

मांडीवरचे मूल मोठी आत्या, हे आजीने सांगितले होते. आत्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९५७ आहे. १ जून दिसला की सावध व्हा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहीत, आणि पहिलीत घ्यायला वय कमी पडले तर सालही मागे ढकलीत. आत्याची पत्रिका ट्रंकेत मिळाली. तीत शके १८८०, माघ महिना लिहिला आहे. शकाचे इसवी सन काढताना गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. माघ नंतरच्या भागात येतो, म्हणून १८८० अधिक ७९, म्हणजे १९५९, साधारण फेब्रुवारी. फोटो त्याआधीचा असू शकत नाही.

बायआजीचे उत्तर तिच्या नातवाच्या अक्षरात आले. ७ नंबर तीच, आणि फोटो लग्नाआधीचा. गळ्यात मंगळसूत्र दिसत नाही एवढ्यावर मी विसंबले नसते, परकर-पोलक्याच्या गळ्यात ते झाकलेही जाऊ शकते. पण तिची लग्नपत्रिका आहे: वैशाख शके १८८२. वैशाख पाडव्यानंतरचा, म्हणून ७८ मिळवायचे, म्हणजे १९६०. तर फोटो फेब्रुवारी १९५९ ते वैशाख १९६० या अवधीतला.

तिसरी खूण फोटोच्या वरच्या कोपऱ्यात होती. छापील प्रतीत ती काळी रेघोटी दिसत होती, स्कॅन मोठा केल्यावर कळले की ती माटवीची कड आहे: लाकडी चौकट, तिला टांगलेला शहाळ्याचा घोस, आंब्याचे टाळे आणि दोन गोल कवंडळे. माटवी गणपतीतच बांधतात, आणि त्या अवधीत भाद्रपद एकच येतो. फोटो भाद्रपद १९५९ चा. आत्या तेव्हा सात महिन्यांची, आणि फोटोत ती मांडीवर मान ताठ धरून बसली आहे, म्हणजे वयही जुळते.

पुण्याच्या काकांनी मात्र 'साठ-एकसष्ट' लिहिले होते आणि पुढे फोनवर सांगितले, "ह्यो फोटो घरावर कौलां घातली त्या वर्साचो." मी वहीत दोन्ही लिहिले, कोणी काय सांगितले आणि पुरावा काय, असे. काकांची ओळ खोडली नाही. पुढे कौलांची पावती कुठे सापडली तर ती ओळ उपयोगी पडेल.

माटवी सगळ्याच फोटोंत नसते, पण कोकणच्या फोटोंत आणखी काही खुणा हमखास सापडतात, त्यातही फोटो ज्या पाकिटात ठेवला आहे त्यावर. देवगड, मालवण, कणकवली, वेंगुर्ले यांच्यापुढे 'जि. रत्नागिरी' असेल तर पाकीट बहुधा १ मे १९८१ च्या आधीचे, कारण सिंधुदुर्ग जिल्हा त्या दिवशी वेगळा झाला. जुन्या सवयीने पुढेही काही जण रत्नागिरी लिहीत राहिले, तेव्हा एवढ्यावर निकाल देऊ नका. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. तिकिटावर आणे असतील तर ते तिकीट १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येण्याआधी छापलेले. भिंतीवर 'कालनिर्णय' टांगलेले ओळखू आले तर फोटो १९७३ च्या आधीचा नाही. पाकिटाची तारीख म्हणजे फोटोची तारीख नव्हे, हे मात्र दर वेळी तपासा: नव्या पाकिटात जुना फोटो ठेवलेला असतो.

उत्तरे आल्यावर

आठ दिवसांनी फोन करा, पत्रात लिहिले असेल त्याच वेळेला. फोनवर छापील प्रत दोघांच्या हातात हवी, आणि एकेक आकडा घेऊन बोलावे. बोलणे रेकॉर्ड करायचे असेल तर आधी विचारा. ऐकताना मधे दुरुस्ती करू नका. बायआजी ९ नंबरच्या माणसाला आधी शेजारचा गाबीत म्हणाली, मग त्याच्या होडीची गोष्ट सांगता सांगता तिला त्याचे नाव आणि तो त्या दिवशी सुरमई घेऊन का आला नव्हता हेही आठवले: घरात गणपती होता.

काही नावे सांगितली जाणार नाहीत. घर सोडून गेलेला भाऊ, माहेरी परत आलेली बहीण, यांच्यावर बोट ठेवले की फोनवर शांतता होते. तिथे आग्रह नको. त्या आकड्यापुढे 'नाव सांगितले नाही' असे लिहून तारीख टाका आणि पुढे जा. आणि अशी नावे ग्रुपवर विचारू नका.

दोन घरांतून एकाच फोटोच्या दोन प्रती आल्या तर दोन्ही टिपा. एकीच्या मागे नावे असतात, दुसरीत कापून टाकलेला कोपरा शाबूत असतो.

शिमग्याला अल्बम येतील तेव्हा ओटीवर टेबल उजेडाकडे लावा, हात धुऊन पुसून कोरडे करा, चहाचे कप दुसऱ्या खोलीत. आणणाऱ्यासमोरच काम करा आणि फोटो परत त्याच पानावर, त्याच क्रमाने लावून द्या. गावच्या मूळ फोटोंसाठी कागदी पाकिटे आणि झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पावसाळा लागण्याआधी, वैशाखात, फोटो पूर्ण कोरडे असतानाच डबा बंद करा. ओलसर फोटो घट्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडला की महिन्याभरात बुरशी धरते.

पहिली उत्तरे जमली की दुसरे पत्र पाठवा. हे लहान असते: ज्यांनी नावे सांगितली त्यांना नावांसकट छापलेली प्रत, आणि खाली जे आकडे अजून रिकामे आहेत तेवढेच. आमच्या ओटीवरच्या फोटोत आता २ नंबर राहिला आहे, खांबाला टेकून उभा असलेला, डोक्यावर काळी टोपी घातलेला मुलगा. ती प्रत मी बडोद्याच्या घरी पाठवली आहे, कारण आजीच्या माहेरची माणसे त्या वर्षी गणपतीला आली होती असे बायआजी म्हणते.